गेममधला शत्रू वळणावर हळू आणि सरळ रस्त्यावर सुसाट का पळतो? गडबड वेगात नाही, ‘t’ मध्ये आहे

टॉवर डिफेन्स प्रकारातले गेम तुम्ही खेळले असतीलच. शत्रू ठरलेल्या वळणावळणाच्या रस्त्याने येतात, आपण रस्त्याच्या कडेला तोफा लावतो आणि ते पुढे जायच्या आत त्यांना उडवतो. असा गेम पहिल्यांदा बनवणाऱ्या पोरांना एक गोष्ट हमखास छळते. कोडमध्ये वेग एकच ठेवलेला असतो, तरी शत्रू कुठे रेंगाळतो आणि कुठे सुसाट सुटतो.

पहिला संशय जातो मोबाइलवर. फोन स्लो आहे, फ्रेम ड्रॉप होतायत, असं वाटतं. पण फ्रेम ड्रॉप कधीही, कुठेही होतात. इथे मात्र शत्रू दर वेळी त्याच जागी हळू होतो. म्हणजे दोष फोनचा नाही, रस्त्याचा आहे.

आता हा रस्ता बनतो कसा, ते बघू.

गेममधला वळणदार रस्ता म्हणजे स्प्लाइन, म्हणजेच एकमेकांना जोडलेल्या वक्ररेषा. त्यातली सगळ्यात ओळखीची रेषा म्हणजे बेझिए कर्व्ह. 1960 च्या दशकात रेनो कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी गाड्यांच्या बॉडीचे आकार काढण्यासाठी ती वापरली आणि तिला त्यांचंच नाव पडलं. थोडक्यात, ही रेषा आकार काढण्यासाठी आहे. तिच्यावरून कुणी एकसारख्या वेगाने पळावं, हा तिचा उद्देशच नव्हता.

या रेषेला आपण t नावाचा एक आकडा देतो. t शून्य असेल तर सुरुवात, 1 असेल तर शेवट. मग 0.5 दिल्यावर रस्त्याचा अर्धा भाग आणि 0.1 दिल्यावर दहावा भाग येईल, असं आपण धरून चालतो. खरी चूक इथेच होते. t म्हणजे अंतर नव्हे. सूत्रात टाकायचा तो फक्त एक आकडा आहे.

एक उदाहरण करून बघू. कमानीसारखा एक रस्ता घ्या. सुरुवात (0,0) वर आणि शेवट (300,0) वर. रेषेला वर ओढणारे दोन कंट्रोल पॉइंट (0,300) आणि (300,300) वर. शत्रू डावीकडून वर चढतो, माथ्यावरून वळतो आणि उजवीकडे खाली उतरतो. या कमानीची लांबी बरोबर 600 पिक्सेल भरते.

शत्रूने हा रस्ता 10 सेकंदांत पार करायचा, म्हणून आपण दर सेकंदाला t मध्ये 0.1 मिळवत गेलो. मग तो किती चालला?

पहिल्या सेकंदात 81.6 पिक्सेल. दुसऱ्यात 67.2, तिसऱ्यात 56.4, चौथ्यात 49.2 आणि पाचव्यात फक्त 45.6. माथा ओलांडल्यावर हेच आकडे उलट क्रमाने येतात. म्हणजे सुरुवातीला वेग सेकंदाला 90 पिक्सेल असतो आणि माथ्यावर तो बरोबर निम्म्यावर, 45 वर येतो.

बघणाऱ्याला वाटतं, चढावर दमला आणि उतारावर सुटला, किती नैसर्गिक! पण कोडमध्ये गुरुत्वाकर्षणाची एकही ओळ नाही. हा सगळा कंट्रोल पॉइंटचा खेळ आहे. टोकाचा कंट्रोल पॉइंट जितका लांब ओढाल, तितकी त्या टोकाजवळ धाव जास्त. तोच जवळ आणला की शत्रू तिथे रेंगाळतो, मग रस्ता सरळ असला तरी.

यात बिघडलं काय? तर गेमचा हिशोब.

समजा माथ्यावर एक तोफ आहे. रस्त्याचा मधला साधारण 190 पिक्सेलचा तुकडा तिच्या टप्प्यात येतो आणि ती दर अर्ध्या सेकंदाला एक गोळा टाकते. शत्रू एकसारखा चालला असता, तर हा तुकडा त्याने 3.2 सेकंदांत पार केला असता, म्हणजे साधारण 6 गोळे. प्रत्यक्षात त्याला तिथे 4 सेकंद लागतात, म्हणजे 8 गोळे. तोफ तीच, शत्रू तोच, पण फक्त जागेमुळे तोफ जास्त ताकदवान झाली. आणि हे बनवणाऱ्याने ठरवलेलंच नव्हतं.

रस्ता अनेक तुकड्यांचा असेल, तर प्रकरण आणखी बिघडतं. अशी एसटी डोळ्यासमोर आणा, जी एका थांब्यावरून पुढच्या थांब्यावर बरोबर 10 मिनिटांत पोहोचते. मग दोन थांब्यांत 2 किलोमीटर असोत की 12. प्रत्येक तुकड्याला सारखाच t दिला की नेमकं हेच होतं. आपण वळणावर पॉइंट जवळजवळ टाकतो आणि सरळ रस्त्यावर लांब लांब. म्हणून वळणावर मुंगी, सरळ रस्त्यावर रॉकेट.

ही गडबड ओळखायची कशी? सोपं आहे. t च्या सारख्या अंतरावर, म्हणजे 0, 0.1, 0.2 असे रस्त्यावर ठिपके काढा. ठिपके कुठे दाटीवाटीने आणि कुठे विरळ दिसले, तर दोष हाच.

आता उपाय. t वाढवायचा नाही, अंतर वाढवायचं. आणि त्या अंतराला कोणता t लागतो, ते शोधायचं. बेझिए कर्व्हसाठी सहसा याचं सोपं सूत्र मिळत नाही, म्हणून आधीच एक तक्ता बनवून ठेवतात. आपल्या कमानीचा तक्ता असा:

```
t     अंतर
0.0     0.0
0.1    81.6
0.2   148.8
0.3   205.2
0.4   254.4
0.5   300.0
```

वेग सेकंदाला 60 पिक्सेल हवा असेल, तर चौथ्या सेकंदाच्या शेवटी शत्रू 240 पिक्सेलवर असला पाहिजे. तक्त्यात 240 हा आकडा 205.2 आणि 254.4 यांच्या मध्ये येतो. तो या टप्प्यात सुमारे 71 टक्के पुढे आहे, म्हणून t आला 0.371. हा t सूत्रात टाकला की शत्रू 240 च्या जवळपास अर्ध्या पिक्सेलच्या फरकाने पोहोचतो. तक्त्यात ओळी वाढवल्या की तो फरकही कमी होतो. पण रस्ता बदलला तर तक्ता नव्याने बनवावा लागतो. हलत्या पुलासारख्या रस्त्यावर हे दर फ्रेमला करावं लागेल आणि तिथे ते महागात पडतं.

बऱ्याच टूल्समध्ये ही सोय आधीपासून असते, फक्त नाव नीट वाचावं लागतं. three.js मध्ये `getPoint()` t प्रमाणे जागा देतं आणि `getPointAt()` अंतराप्रमाणे. फरक दोन अक्षरांचा, पण चुकीचं वापरलं तर एररसुद्धा येत नाही. शत्रू फक्त विचित्र चालतो.

मग वळणावर गाडी खरंच हळू व्हायला हवी असेल तर? जरूर करा. पण आधी वेग अंतराप्रमाणे एकसारखा करून घ्या आणि मग हवा तिथे स्वतः कमी करा. नाहीतर दोन्ही परिणाम एकमेकांत मिसळतात आणि गाडी तुमच्या ब्रेकमुळे थांबली की t मुळे, हे तुम्हालाच कळत नाही.