विक्री-कौशल्य प्रशिक्षण : मूल्यमापनाचे चार स्तर व गुंतवणुकीवरील परतावा

डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाचे प्रतिक्रिया, अध्ययन, वर्तन व फलनिष्पत्ती असे चार टप्पे मांडण्यास प्रारंभ केला. पहिले दोन प्रशिक्षणवर्गातच मोजता येतात; खरी कसोटी पुढील दोहोंवर लागते.

वर्तनाच्या स्तरावर, विक्रेता किंमत सांगण्यापूर्वी ग्राहकाची गरज विचारतो काय, याची नोंद पर्यवेक्षकाने प्रशिक्षणापूर्वी व तीन महिन्यांनंतर प्रत्यक्ष ग्राहकभेटीत करणे आवश्यक असते.

फलनिष्पत्तीसाठी एक काल्पनिक उदाहरण घेता येईल. २० प्रशिक्षित विक्रेत्यांची मासिक विक्री दरडोई सरासरी ३०,००० रुपयांनी वाढली. मात्र सणासुदीच्या त्याच काळात तुल्य अप्रशिक्षित गटाचीही २०,००० रुपयांनी वाढली. म्हणून प्रशिक्षणाचा वाटा दरडोई १०,००० रुपयेच ठरतो. विक्रीवर २० टक्के नफा धरल्यास सहा महिन्यांचा एकूण लाभ २,४०,००० रुपये होतो. प्रशिक्षणकाळातील वेतनासह खर्च २,००,००० रुपये असल्यास निव्वळ परतावा २० टक्के येतो. तुलना-गट नसता, तर तोच २६० टक्के दिसला असता.

विक्री वाढूनही वर्तन बदललेले नसेल, तर त्या वाढीचे श्रेय प्रशिक्षणास देता येत नाही.