वह्या खपल्या, पण पैसे कुठे आहेत?

महाराष्ट्रातल्या बहुतेक शाळा जूनच्या मध्यावर उघडतात आणि वह्या बनवणाऱ्या छोट्या कारखानदाराचं सारं वर्ष त्या एका तारखेभोवती फिरतं. कागद उन्हाळ्यातच घेऊन ठेवावा लागतो. माल मे-जूनमध्ये दुकानांत पोचतो. दुकानदाराचे पैसे हातात यायला मात्र जुलै-ऑगस्ट उजाडतो. मधल्या दोन महिन्यांत हिशेबाच्या वहीत नफा दिसतो आणि बँकेत खडखडाट असतो. हा खड्डा किती खोल असेल आणि कधी भरेल, हे आधीच मांडून पाहणं म्हणजे रोख अंदाजपत्रक, ज्याला व्यवहारात कॅश बजेट म्हणतात.

असाच एक कारखाना कल्पनेत धरू. वहीचा घाऊक भाव ३० रुपये. एप्रिलमध्ये १० हजार, मेमध्ये २० हजार, जूनमध्ये ४० हजार आणि जुलैत पुन्हा १० हजार वह्या जातील असा अंदाज आहे. पुढची पायरी उधारीची. विक्रीच्या रकमेतले २० टक्के त्याच महिन्यात मिळतात, ५० टक्के पुढच्या महिन्यात आणि उरलेले ३० टक्के त्याच्याही पुढच्या. मार्चमधली विक्री नगण्य म्हणून सोडून देऊ.

हे प्रमाण बिलावर छापलेल्या मुदतीवरून कधीही घेऊ नये. २००६च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत छोट्या उत्पादकाचे पैसे जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, लेखी करार नसेल तर १५ दिवसांतच. पण वर्षानुवर्षांच्या गिऱ्हाइकाला कायदा दाखवणारा कारखानदार विरळाच. म्हणून गेल्या वर्षीची खातेवही उघडावी, प्रत्येक बिलाचे पैसे खरोखर किती दिवसांनी आले ते पाहावं आणि तेच धरावं.

आता मे महिना बघा. मेच्या ६ लाखांच्या विक्रीतले २० टक्के म्हणजे १ लाख २० हजार, आणि एप्रिलच्या ३ लाखांतले निम्मे, दीड लाख. एकूण वसुली २ लाख ७० हजार. खर्चाची बाजू मात्र विक्रीच्या एक महिना पुढे धावते, कारण जूनच्या ४० हजार वह्या मेमध्येच तयार व्हायला हव्यात. कागद, पुठ्ठा आणि शाई मिळून वहीमागे १७ रुपये, म्हणजे ६ लाख ८० हजार. ऐन हंगामात कागदाचा व्यापारी छोट्यांना उधार देत नाही असं धरलंय. बांधणीची मजुरी ३ रुपयांप्रमाणे १ लाख २० हजार, मेमध्ये विकलेल्या वह्यांची वाहतूक १ रुपयाने २० हजार. भाडं, कायम कामगारांचे पगार आणि वीज ७५ हजार, यंत्राच्या कर्जाचा हप्ता २५ हजार. बेरीज ९ लाख २० हजार. महिन्याच्या सुरुवातीला बँकेत ३ लाख असले तरी मेअखेर साडेतीन लाखांची तूट पडते.

आणि याच महिन्याचा नफा? वहीमागे बदलता खर्च २१ रुपये, म्हणून २० हजार वह्यांवर ९ रुपयांप्रमाणे १ लाख ८० हजार सुटतात. त्यातून ७५ हजारांचा स्थिर खर्च आणि यंत्राचा १५ हजार घसारा वजा केला तरी ९० हजार नफा उरतो. घसारा नफ्यातून वजा होतो पण खिशातून जात नाही. कर्जाच्या मुद्दलाचं नेमकं उलटं. नफ्याचा कागद डोळ्यांसमोर ठेवून कॅश बजेट करणारे बहुधा इथेच फसतात.

याच रीतीने पुढे गेलं तर जूनअखेर तूट ६० हजारांवर येते आणि जुलैअखेर ६ लाख ७० हजार शिल्लक पडते. म्हणजे धंदा ठणठणीत आहे, अडचण दोन महिन्यांची आहे. पण बँकेकडे साडेतीन लाखांची कॅश क्रेडिट मर्यादा मागून भागणार नाही. कागदाचे पैसे मेच्या पहिल्या आठवड्यात गेले की खातं ३ लाख ८० हजारांनी उणे होतं, पंधरा दिवसांची मजुरी दिली की ४ लाख ४० हजारांनी. वसुली मात्र महिन्याच्या शेवटी येते. महिनाअखेरचा आकडा मधला तळ झाकून ठेवतो. अशा हंगामी धंद्याचं बजेट आठवड्यागणिक मांडावं आणि इथे मर्यादा पाच लाखांची मागावी, तीही एप्रिलमध्ये.

दुकानदारांनी थोडी चालढकल केली, पुढच्या महिन्यात ५० ऐवजी ३० टक्केच दिले आणि बाकीचे ५० टक्के आणखी एका महिन्याने, तर? एकही वही कमी न खपता जूनअखेरची तूट ६० हजारांवरून १ लाख ८० हजारांवर जाते. तिप्पट!

हे झालं पैशाच्या वेळेचं. विक्रीचा अंदाजच चुकला तर खर्च कोणत्या मापाने मोजायचा, हा प्रश्न वेगळा, आणि त्यासाठी लवचिक अंदाजपत्रक. समजा, जूनमध्ये ४० हजारांऐवजी ३४ हजार वह्या गेल्या आणि त्यांचा एकूण खर्च ८ लाख ३५ हजार आला. मूळ बजेटात खर्च ९ लाख ३० हजार होता. मालक खूश, ९५ हजार वाचले! पण माल कमी विकला गेल्यावर खर्च कमी व्हायचाच. खरा प्रश्न हा, की ३४ हजार वह्यांना किती खर्च यायला हवा होता? २१ रुपयांप्रमाणे ७ लाख १४ हजार आणि स्थिर खर्च घसाऱ्यासह ९० हजार, म्हणजे ८ लाख ४ हजार. बचत तर नाहीच, ३१ हजार जास्त गेले. नफा २ लाख ७० हजारांऐवजी १ लाख ८५ हजार झाला. त्या ८५ हजारांच्या घटीतले ५४ हजार न खपलेल्या ६ हजार वह्यांचे आणि ३१ हजार कारखान्यातल्या गळतीचे. पहिल्याचा जाब विक्री पाहणाऱ्याला विचारायचा, दुसऱ्यासाठी कापणीच्या यंत्राशेजारची कागदाची रद्दी तोलायची आणि जादा वेळेच्या मजुरीची पानं चाळायची.

वहीमागे २१ रुपये हे माप मात्र सगळीकडे लागू पडत नाही. ४५ हजारांच्या वर काम गेलं आणि रात्रपाळी लावावी लागली तर पर्यवेक्षकाचा पगार एकदम वाढतो. विजेच्या बिलात तर स्थिर आकार आणि युनिटचा खर्च एकत्र असतात. ते वेगळे केले नाहीत, तर लवचिक बजेट उगाच कोणावर तरी ठपका ठेवतं.

सहा हजार वह्या अडकल्याचा फटका रोख बजेटलाही बसतो. त्या बनवायचे पैसे मेमध्येच गेले. आता जूनची वसुली ३६ हजारांनी घटते, वाहतुकीचे ६ हजार तेवढे वाचतात. त्यात ३१ हजारांचा जादा खर्च मिळवला की जूनअखेरची तूट ६० हजारांऐवजी १ लाख २१ हजार होते, आणि जुलैची वसुलीही ९० हजारांनी कमी येते. पण जूनमध्ये जुलैसाठी १० हजार वह्या बनवायच्या होत्या. गोदामात ६ हजार पडून असताना ४ हजारच बनवल्या, तर वहीमागे २० रुपयांप्रमाणे १ लाख २० हजार खात्यात राहतात आणि तूट जवळपास मिटते. अट एकच: शाळा उघडल्यावरच्या पहिल्या आठवड्यातच विक्रीचा खरा आकडा मालकाच्या टेबलावर यायला हवा, कागदाची पुढची ऑर्डर जाण्याआधी.