कार्ड बदललं आणि वर्गणी थांबली

मागच्या व्याख्यानानंतर एक निवृत्त शिक्षिका मला भेटल्या. त्यांना दोन आठवडे एकही ईमेल आला नव्हता. पेन्शनच्या कागदपत्रांची वाट बघत होत्या, आणि पाठवणाऱ्याचे मेल परत जात होते. कारण काय, तर साठवणुकीच्या जादा जागेसाठी महिन्याला एकशेतीस रुपये कार्डातून आपोआप जायचे, ते जाणं थांबलं होतं. जागा भरली, मेल बंद. बँकेने मुदत संपली म्हणून नवीन कार्ड पाठवलं होतं, एवढंच घडलं होतं.

आता हे का होतं ते बघू. आपल्याला वाटतं, अॅपकडे आपला कार्ड नंबर लिहून ठेवलेला आहे. तसं नाही. १ ऑक्टोबर २०२२ पासून भारतात दुकानदार किंवा अॅप कंपनी कार्डाचा पूर्ण नंबर स्वतःकडे ठेवू शकत नाही. तिच्याकडे असतं ते टोकन, म्हणजे त्या नंबराऐवजी दिलेला एक वेगळा आकडा. स्क्रीनवर शेवटचे चार अंक दिसतात ते केवळ आपल्याला ओळख पटावी म्हणून. हे टोकन त्याच कार्डापुरतं आणि त्याच कंपनीपुरतं असतं. कार्ड गेलं की टोकनाच्या मागे काही उरत नाही.

दुसरी गोष्ट, दर महिन्याला पैसे कापायला तुम्ही एकदा ओटीपी देऊन परवानगी दिलेली असते. तिला ई-मॅन्डेट म्हणतात. पंधरा हजारांपर्यंतच्या वर्गणीला नंतर दरवेळी ओटीपी लागत नाही, म्हणून आपण ती विसरूनही जातो. पण ती परवानगी जुन्या कार्डावर नोंदलेली असते.

इथे एकाने विचारलं, "सर, माझा मुलगा अमेरिकेत असतो. त्याचं कार्ड बदललं तरी सगळं चालू राहतं. मग आमचंच का अडतं?" प्रश्न बरोबर आहे. तिकडे व्हिसा आणि मास्टरकार्ड या कंपन्या अशी सेवा देतात की बँक नवीन नंबर कळवते आणि तो दुकानदाराकडे आपोआप पोचतो. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेचं म्हणणं असं, की नवीन कार्ड जुन्या दुकानदारांशी जोडायचं तर बँकेने ग्राहकाची स्पष्ट संमती घ्यावी. मला स्वतःला हे बरंच वाटतं. विसरलेल्या वर्गण्या निदान कार्ड बदलताना तरी उघड्या पडतात. नंबर तोच राहून फक्त मुदत बदलली तर कधी कधी गाडी चालू राहते, पण त्यावर विसंबू नका.

आता बाईंची गंमत ऐका. त्या हुशार. त्यांनी नवीन कार्ड अॅपमध्ये घातलं, तरी ते नाकारलं गेलं. मग वाटलं कार्डच खराब. खराब नव्हतं. नव्याने दिलेलं किंवा बदलून दिलेलं कार्ड सुरुवातीला फक्त देशातल्या एटीएममध्ये आणि दुकानातल्या मशीनवर चालतं. ऑनलाइन वापर आपण बँकेच्या अॅपमध्ये जाऊन चालू करावा लागतो. जुन्या कार्डावर त्यांनी तो केव्हातरी चालू केला होता. नवीन कार्डावर ते बटण बंदच होतं. परदेशातून बिल करणारी कंपनी असेल तर आंतरराष्ट्रीय वापराचं बटण वेगळं असतं, तेही बघा.

बटण चालू केलं, कार्ड घातलं, कार्ड स्वीकारलं. तरी वर्गणी बंदच! कारण खात्यात कार्ड जोडणं वेगळं आणि त्या वर्गणीला ते लावणं वेगळं. वर्गणी जुन्याच कार्डाकडे बोट दाखवत होती. अँड्रॉइडवर प्ले स्टोअर उघडून वरच्या कोपऱ्यातल्या स्वतःच्या चित्रावर दाबा, मग Payments & subscriptions, त्यात Subscriptions. तिथे ती एकेक वर्गणी उघडून पैसे भरण्याचं कार्ड बदलायचं. त्या वेळी ओटीपी आला, की समजा नवीन परवानगी नोंदली जातेय. ओटीपी मागितलाच नाही तर मला शंका येते, तुम्हीही घ्या.

खात्री कशी करायची? पैसे कापण्याच्या किमान चोवीस तास आधी बँकेचा संदेश येतो: अमुक कंपनी, अमुक रक्कम, अमुक तारीख. पुढच्या हप्त्याआधी तो आला, त्यात नवीन कार्डाचे शेवटचे चार अंक असले, की काम झालं. संदेशच आला नाही तर परवानगी नोंदलेली नाही असं धरून परत तिथेच जा.

बाईंचे मेल त्याच संध्याकाळी पुन्हा यायला लागले. मधल्या दोन आठवड्यांतले जे परत गेले होते, ते मात्र आपोआप आले नाहीत. पेन्शन कार्यालयाला फोन करून ते पुन्हा मागवावे लागले.