आढावा, उणीव आणि पद्धती: एका संशोधन प्रस्तावाची बांधणी

पदव्युत्तर संशोधन प्रस्तावात पूर्वसंशोधनाचा आढावा एका ठरावीक कामासाठी असतो. आजवर काय कळले, कशाच्या आधारे कळले आणि त्या आधारावर कोणता प्रश्न सुटू शकला नाही, हे त्यातून दिसावे लागते. न सुटलेला प्रश्न म्हणजे संशोधनातील उणीव. ती नेमकेपणाने मांडली, तर पुढच्या प्रकरणातील पद्धती बहुतांशी तिच्यातूनच ठरते.

समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य विषयाच्या विद्यार्थ्याने बीड जिल्ह्यातील ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रिया हा विषय घेतला, असे समजू. गावात या शस्त्रक्रियेला ‘पिशवी काढणे’ म्हणतात. 2019 मध्ये राज्य शासनाच्या समितीपुढे आलेल्या सर्वेक्षणात 82,309 ऊसतोड स्त्रियांपैकी 13,861 जणींची ही शस्त्रक्रिया झाल्याचे आढळले, म्हणजे जवळजवळ 17 टक्के. 2015-16 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशाचे प्रमाण सुमारे 3 टक्के होते. हे दोन आकडे शेजारी ठेवून ‘ऊसतोडीमुळे पिशवी काढली जाते’ असा निष्कर्ष काढला, की आढावा तिथेच फसतो.

आधी दोन्ही आकडे कोणाविषयी आहेत, हे पाहावे लागते. राष्ट्रीय सर्वेक्षणात 15 ते 49 वयाच्या सर्व स्त्रिया आहेत, अविवाहित मुलीही. ऊसतोडीला मात्र ‘कोयता’ म्हणून बहुधा नवरा-बायकोची जोडी जाते. ही शस्त्रक्रिया वाढत्या वयात वाढत जाते. त्यामुळे दोन आकड्यांमधील फरकाचा काही भाग निव्वळ वयाचा असू शकतो.

मग कारणांविषयीचे लेखन वाचायचे. त्यात दोन सूर ठळक आहेत. पहिला सूर कामाकडे बोट दाखवतो: मुकादमाकडून घेतलेली उचल, एक दिवस चुकला तरी खाड्यापोटी होणारी कपात, फडावर शौचालय नाही, पाळीच्या दिवसांतही मोळ्या वाहण्याची सक्ती. दुसरा सूर दवाखान्याकडे बोट दाखवतो: अंगावरून पांढरे जाते म्हणून आलेल्या बाईला कर्करोगाची भीती घालून शस्त्रक्रिया करणारी खासगी रुग्णालये. त्याच राष्ट्रीय सर्वेक्षणात आंध्र प्रदेशात सुमारे 9 टक्के आणि बिहारमध्ये 5 टक्क्यांहून अधिक प्रमाण दिसते. तिथल्या आकड्यांना बीडची ऊसतोड कारण असू शकत नाही. ही नोंद पहिल्या सुराला खोटे ठरवत नाही. पण त्याला एकटे उभे राहू देत नाही. म्हणून आढावा लेखकांच्या क्रमाने न लिहिता असा कारणांच्या क्रमाने लिहावा. ‘अमुक यांनी असे म्हटले, तमुक यांनी तसे’ ही यादी कितीही लांबली, तरी तिच्यातून प्रश्न निघत नाही.

‘या तालुक्यात असा अभ्यास झालेला नाही’ हे वाक्य प्रस्तावांत वारंवार येते. ती उणीव नव्हे. तालुका बदलल्याने समज बदलणार असेल, तरच त्याला अर्थ आहे. इथली उणीव अशी लिहिता येईल: केवळ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीतून आलेल्या प्रमाणावरून, त्याच गावातील, त्याच वयाच्या, त्याच दवाखान्यांत जाणाऱ्या पण ऊसतोडीला न जाणाऱ्या स्त्रियांच्या तुलनेत ते किती जास्त आहे, हे कळत नाही, आणि शस्त्रक्रिया आधी की ऊसतोड आधी, हेही कळत नाही.

दुसरा भाग सहज निसटतो. शस्त्रक्रियेसाठी कर्ज झाले, ते फेडायला उचल घेतली आणि मग ऊसतोडीला जावे लागले, असेही घडू शकते. उलट, शस्त्रक्रियेनंतर त्रास वाढून काम सुटलेल्या स्त्रिया ‘सध्याच्या’ कामगारांच्या यादीत सापडणारच नाहीत.

आता पद्धती वेगळी शोधावी लागत नाही. तुलना हवी, म्हणून त्याच गावांतून दोन्ही गटांच्या विवाहित स्त्रिया, समान वयोगटात. क्रम हवा, म्हणून लग्न, बाळंतपणे, पहिला हंगाम, पहिली उचल आणि शस्त्रक्रिया यांची वर्षे नोंदवणारी जीवनक्रमाची प्रश्नावली. काम सोडलेल्या स्त्रियाही त्यात हव्यात. दोन कारणे वेगळी करायची आहेत, म्हणून सल्ला कोणी दिला, आधी औषधोपचार झाले का, हे प्रश्न. शक्य तिथे डिस्चार्ज कार्डाची पडताळणी. टोळ्या साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात निघून मार्च-एप्रिलपर्यंत परततात, म्हणून भेटी उन्हाळा-पावसाळ्यात. नमुन्याची संख्याही इथूनच ठरते: एका गटात 17 आणि दुसऱ्यात 9 टक्के प्रमाण गृहीत धरले, तर हा फरक पकडायला प्रत्येक गटात सुमारे 275 स्त्रिया लागतात, गावे निवडून त्यांतून नमुना घेतला, तर त्याहून जास्त.

या रचनेलाही मर्यादा आहे. वर्षे आठवणीतून येतात आणि दोन गटांची गरिबी सारखी नसते. जमीन आणि कर्ज यांची माहिती घेऊन हा फरक कमी करता येतो, पुसता येत नाही. हे प्रस्तावातच लिहावे. परीक्षकाने प्रश्नावलीतील कोणत्याही प्रश्नावर बोट ठेवले, तर तो आढाव्यातील कोणत्या वाक्यातून आला, हे विद्यार्थ्याला दाखवता आले पाहिजे. न दाखवता आलेला प्रश्न काढून टाकावा.