जेवण आणि झोप यांमधले तीन तास

जठर आणि अन्ननलिका यांच्या सांध्यावर स्नायूंची झडप असते. ती सैल पडली की जठरातले आम्ल वर चढते, छातीच्या मध्यभागी जळजळ होते आणि आंबट पाणी घशाशी येते. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकांना हा त्रास बहुधा रात्री होतो.

लासलगावहून कोलकात्याला कांदा नेणाऱ्या एका चालकाचे उदाहरण घेऊ. दिवसभर तो चहा-बिस्किटांवर काढायचा. रात्री अकराच्या सुमारास ढाब्यावर दाल तडका, बटर रोटी आणि अंडा करी असे पोटभर जेवण व्हायचे, आणि लगेच केबिनमधल्या बाकावर झोप. दोन तासांत छाती पेटायची. पहाटे घसा बसलेला असायचा. त्याने मिरची सोडून पाहिली, पण फरक पडला नाही.

कारण खरे दुखणे तिखटापेक्षा वेळेत होते. जड जेवण जठरातून पुढे सरकायला कित्येक तास लागतात आणि तेलतुपाने ते आणखी रेंगाळते. भरल्या पोटी आडवे झाले की आम्ल खाली ओढून ठेवणारे गुरुत्वाकर्षणही कामाला येत नाही.

त्याने दिवसाची मांडणीच उलटी केली. जेवणाची ठरावीक वेळ त्याच्या हातात नव्हती, पण कुठले जेवण मोठे ठेवायचे हे हातात होते. डिझेल भरायला किंवा टायर तपासायला दुपारी गाडी थांबली की तिथेच तो पोटभर जेवू लागला. रात्री फोडणीशिवायची डाळ आणि थोडा भात, तोही झोपण्याच्या तीन तास आधी. उशीर झालाच तर केळे खाऊन भागवायचे. अंथरुणाच्या डोक्याकडच्या भागाखाली त्याने जुनी ताडपत्री घडी करून घातली, म्हणजे कमरेपासून वरचे अंग उतरते राहील. नुसती उशी उंच केली तर मान वाकते आणि पोटावर दाब येतो. कूस डावी ठेवली, कारण त्या स्थितीत जठरातले आम्ल झडपेच्या खालच्या पातळीला राहते. पट्टा सैल करणे आणि झोपण्यापूर्वीची विडी सोडणे यांचाही उपयोग झाला.

गोळीची चूक वेगळीच होती. डॉक्टरांनी दिलेली पँटोप्राझोल तो जळजळ सुरू झाल्यावर घ्यायचा. ही गोळी आम्ल तयार होणे रोखते, आधीच तयार झालेले शमवत नाही. म्हणून ती जेवणाआधी अर्धा तास घ्यावी लागते. तत्काळ आराम देते ते अँटासिड. कंबरदुखीसाठी मनाने घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या मात्र पोटाचा त्रास वाढवतात.

या उपायांनी न भागणारी लक्षणेही आहेत. घास अडकणे, काळी शौच, रक्ताची उलटी किंवा विनाकारण वजन घटणे दिसले तर तपासणी लगेच हवी. छातीत दाब येऊन घाम फुटला, कळ हातात किंवा जबड्यात गेली, तर ते पित्त समजू नये. गाडी बाजूला घेऊन १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.