चढावर मान टाकणारी बॅटरी

सिंहगडाचा घाट. डिस्प्लेवर पाचांपैकी दोन दांड्या शिल्लक आहेत, म्हणजे बॅटरीत अजून तिसऱ्या हिश्श्याहून थोडा जास्त चार्ज आहे. वळण घेऊन चढ उभा होतो, स्वार थ्रॉटल पूर्ण पिळतो आणि पुढच्या काही क्षणांत सगळं विझतं: मोटर बंद, डिस्प्ले काळा, दिवाही गेला. सायकल रस्त्याच्या कडेला लावून तो पाणी पितो, बटण दाबून पाहतो, तर दोन दांड्या जशाच्या तशा. सपाटीवर वळवली तर ती मुकाट पळतेही. पुन्हा चढ आला की पुन्हा तेच.

अशा वेळी पहिला संशय मोटरवर जातो, दुसरा चार्जरवर. प्रत्यक्षात दोघंही बहुधा निर्दोष असतात. वीज तोडली ती बॅटरीच्याच पोटात बसलेल्या छोट्या सर्किटने, म्हणजे बीएमएसने. आणि त्याने ती योग्य कारणासाठी तोडली.

इमारतीच्या गच्चीवरची टाकी निम्मी भरलेली असते, पण खाली एकाच वेळी चार नळ सोडले की प्रत्येकाची धार बारीक होते. टाकीतलं पाणी कमी झालेलं नसतं; पाइपातून एवढं पाणी जाताना दाब पडतो. नळ बंद केले की दाब परत येतो. बॅटरीचंही तसंच आहे. प्रत्येक सेलला स्वतःचा अंतर्गत रोध असतो. करंट जितका जास्त, तितके व्होल्ट त्या रोधातच खर्ची पडतात आणि बाहेर तेवढे कमी मिळतात. याला व्होल्टेज सॅग म्हणतात. सेल जुना झाला किंवा थंडीत गारठला की रोध वाढतो, म्हणून डिसेंबरातल्या पहाटेच्या फेरीत ही तक्रार जास्त येते.

आता एक उदाहरण आकड्यांत पाहू. नेहमीची ३६ व्होल्टची बॅटरी म्हणजे लिथियम सेलचे १० गट, एकापुढे एक जोडलेले. प्रत्येक गटात चार सेल शेजारी शेजारी, समांतर. पूर्ण चार्ज झाल्यावर एका गटाचे ४.२ व्होल्ट, सगळ्यांचे मिळून ४२. समजा, स्वार आणि सायकल मिळून १०० किलो वजन आहे, चढ आठ टक्क्यांचा आहे आणि वेग ताशी १२ किलोमीटर. एवढ्यासाठी चाकावर साधारण २९० वॅट लागतात. हब मोटर कमी वेगात फिरताना बरीच वीज उष्णतेत घालवते. तिची कार्यक्षमता ६५ टक्के धरली, तर बॅटरीकडून जवळपास ४४५ वॅट, म्हणजे १४ अँपिअर ओढले जातात. सपाटीवर हाच आकडा चार-पाच अँपिअरवर असतो.

बॅटरी दोन-तीन वर्षं वापरलेली आहे. तिचे नऊ गट विश्रांतीत ३.६ व्होल्ट दाखवतात, दहावा मात्र ३.५. फरक दिसायला किरकोळ, पण दहाव्या गटातल्या चारपैकी एका सेलचा वेल्ड सुटलेला आहे आणि उरलेले तीन थकलेले आहेत. त्यामुळे त्याचा रोध इतर गटांच्या तिप्पट झालाय: त्यांचा ०.०२ ओहम, याचा ०.०६. चौदा अँपिअरखाली चांगला गट ०.२८ व्होल्ट उतरतो आणि ३.३२ वर थांबतो. कमजोर गट ०.८४ उतरून २.६६ वर जातो.

इथेच गोष्ट अडते. वायरिंगमधली घट धरली तरी बॅटरीच्या टोकांवर अजून ३१.८ व्होल्ट आहेत. कंट्रोलरची मर्यादा ३१ व्होल्टची असेल, तर त्याच्या मते सगळं ठीक आहे, कारण तो फक्त बेरीज बघतो. बीएमएस मात्र दहाही गटांवर स्वतंत्र नजर ठेवतो. बारीक तारांचा एक जुडगा त्यासाठीच असतो. त्याची मर्यादा प्रत्येक गटाला २.८ व्होल्टची असेल, तर एक गट त्याखाली गेला की तो ठरलेला क्षणभर वाट बघतो आणि आपले मॉसफेट बंद करून वीजच तोडतो. करंट थांबताच तो गट परत ३.५ च्या आसपास येतो. म्हणूनच कडेला थांबल्यावर बॅटरी भरलेली दिसते.

सकाळी निघताना हाच चढ का चढता आला, याचंही उत्तर यातच आहे. तेव्हा कमजोर गट ४.१ वर होता, ०.८४ वजा जाऊन ३.२६ उरले, मर्यादेपासून बरेच दूर.

कोणी वीज तोडली हे ओळखायची सोपी खूण आहे. मोटर थांबली पण डिस्प्ले चालू राहिला, तर बहुतेक वेळा ते कंट्रोलरचं काम. डिस्प्लेसकट सगळं गेलं, तर बीएमएसचं, किंवा सैल झालेल्या कनेक्टरचं. शेवटची शक्यता आधी तपासावी, कारण ती फुकटात दुरुस्त होते. डिस्प्लेवर दांड्यांऐवजी व्होल्ट दाखवायची सोय असेल तर तीच लावावी. दांड्या सॅगमध्ये खाली-वर नाचतात आणि काही सांगत नाहीत. गटांची खरी परीक्षा मात्र लोड देऊनच होते. आरामात पडलेल्या बॅटरीला मल्टिमीटर लावला तर दहावा गट फक्त ०.१ व्होल्टने मागे दिसेल. हे मोजमाप जाणकाराकडेच करावं. त्या बारीक तारांमध्ये मल्टिमीटरची टोकं घसरली की शॉर्ट होतो.

तोवर घरी पोचायचं कसं? थ्रॉटल सैल करायचा आणि पायडल मारायचं. स्वाराने पायांनी ९५ वॅट दिले, तर त्याच वेगाला बॅटरीकडून नऊ अँपिअर पुरतात. कमजोर गट मग ०.५४ च उतरतो आणि २.९६ वर टिकतो. तोच चढ, तीच बॅटरी, आणि वीज जात नाही. असिस्टची पातळी कमी ठेवण्याचा फायदा इथे थेट व्होल्टमध्ये दिसतो.

एक उपाय काही दुकानांत सर्रास सुचवला जातो, तो मात्र टाळावा: बीएमएस बायपास करणं. चढ नक्की चढेल. पण कमजोर गट पार खाली ओढला जाईल. तेवढ्या खोल डिस्चार्जमध्ये सेलच्या आतलं तांबं विरघळू लागतं, पुढच्या चार्जिंगला ते भलत्या जागी साचतं आणि आतून शॉर्ट होण्याची वाट मोकळी होते. आग लागायची ती मग घाटात नाही, रात्री घरात चार्जर लावलेला असताना.

फरक नुसत्या चार्जचा असेल, तर दोन-तीनदा बॅटरी पूर्ण भरू देऊन, हिरवा दिवा लागल्यावरही काही तास चार्जर तसाच ठेवून, पण आपण जागे असताना, बीएमएसला गट समान करू द्यावेत. त्याचा समतोल करणारा करंट फारच लहान असतो आणि बहुतेक बॅटऱ्यांत तो चार्जिंगच्या शेवटीच सुरू होतो. रोज ऐंशी टक्क्यांवर चार्जर काढणाऱ्यांच्या बॅटरीत हे काम होतच नाही. सुटलेला वेल्ड किंवा वाढलेला रोध मात्र यातून सुधारत नाही. वेल्ड पुन्हा मारता येतो. सेल थकले असतील तर तो गट पूर्ण बदलावा लागतो, तोही उरलेल्या नऊ गटांशी क्षमता जुळवून आणि त्यांच्याएवढाच चार्ज करून. दुकानदाराने कोरा, मोठ्या क्षमतेचा गट बसवला तर तो कधीच आधी संपणार नाही. काही महिन्यांनी उरलेल्या नवांपैकी जो सर्वांत थकलेला, तो त्याच वळणावर वीज तोडेल.