खुंट्या तीन, भिंत एकच

समजा, भोपाळच्या पिपलानीत राहणारे एक काका आहेत. नोकरी भेलमध्ये, बचतीतून घेतलेले शेअर भेलचे, आणि कारखान्यालगत अवधपुरीत भाड्याने दिलेलं एक घर. ‘पगार, शेअर, घर, असा तीन ठिकाणी पैसा विभागलाय,’ असं त्यांना वाटतं.

गैरसमज इथूनच सुरू होतो. खुंट्या तीन असल्या तरी भिंत एकच आहे. वीजप्रकल्पांच्या ऑर्डरी आटल्या की कंपनीचा नफा घटतो, शेअर उतरतो, भरती मंदावते आणि अवधपुरीत भाडेकरू मिळणंही कठीण होतं. २०१५-१६ मध्ये भेलला नऊशे कोटींहून जास्त तोटा झाला. मार्च २०२० मध्ये शेअर वीस रुपयांच्या आसपास आला होता. २०२४ मध्ये तो तीनशेच्या पुढे गेला हे खरं, पण मुलाच्या फीसाठी २०२० मध्येच शेअर विकावे लागले असते, तर त्या तेजीचा काकांना काय उपयोग? म्हणून पैसा किती जागी आहे हे मोजण्याआधी, एकाच कारणाने त्या सगळ्या जागा एकदम खचतील का, हे विचारावं. पाच म्युच्युअल फंड घेणाऱ्यांनीही प्रत्येक फंडातल्या पहिल्या दहा कंपन्यांची यादी शेजारी-शेजारी ठेवून पाहावी. बहुतेकदा त्याच मोठ्या बँका पुन्हा पुन्हा दिसतात.

दुसरा गैरसमज याच्या उलट टोकाचा: नीट विभागलं की तोटा होतच नाही. एका कंपनीचं संकट पन्नास कंपन्यांत विरून जातं, पण सगळ्या बाजारावर आलेलं संकट विरत नाही. निफ्टीत पन्नास कंपन्या आहेत, तरी १४ जानेवारी २०२० ला १२,३६२ वर असलेला निर्देशांक २३ मार्चला ७,६१० वर आला. त्यात ठेवलेल्या दहा लाखांचे सव्वासहा लाखही उरले नसते. निम्मे पैसे बँकेच्या मुदतठेवीत असते, तर व्याज न धरताही सुमारे आठ लाख आठ हजार राहिले असते. घसरण निम्मी झाली, तरी जवळपास दोन लाखांचा खड्डा पडलाच. त्या मार्चमध्ये काही दिवस सोनंही उतरलं, कारण घाबरलेल्यांना रोख हवी होती आणि ते मिळेल ते विकत होते.

शिवाय मुदतठेवीच्या या आधाराला किंमत पडते. वर्षअखेर निफ्टी चौदा हजारांजवळ पोहोचला, तेव्हा सगळे पैसे त्यात ठेवून तग धरलेला माणूस निम्मे ठेवणाऱ्याच्या पुढे होता.

मुदतठेवीचीही आपली मर्यादा आहे. बँक बुडाली तर मुद्दल आणि व्याज मिळून एका ठेवीदाराला एका बँकेत पाच लाखांपर्यंतच विमा मिळतो. पिपलानी आणि न्यू मार्केट अशा दोन शाखांत ठेवी असल्या, तरी बँक एकच असेल तर त्यांची बेरीज एकत्रच होते.